‘नाही’ टाळ्यांत बुडू देऊ नका

नमस्कार. कोथरूडला घरातूनच माझा चकलीच्या भाजणीचा आणि मेतकुटाचा व्यवसाय आहे. सहा वर्षं झाली. पहिल्या दिवाळीत ११ किलो भाजणी विकली होती, गेल्या दिवाळीत ४२० किलो गेली. माझ्याबरोबर तीन बायका काम करतात. आमच्या भागातल्या व्यापारी संघटनेने यंदा घरगुती उद्योजिकेचा पुरस्कार मला द्यायचं ठरवलं आहे. समारंभ टिळक स्मारक मंदिरात आहे आणि मनोगताला दोन मिनिटं दिली आहेत. भाचा म्हणतो, तो मोबाइलवर शूटिंग करेल आणि नंतर तुकडे करून रील टाकू. लिहिलेलं भाषण सोबत पाठवते आहे. मैत्रिणी म्हणतात छान आहे, भाचा म्हणतो यातून एकही तुकडा निघणार नाही. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

ताई, भाच्याचं ऐका. मैत्रिणींचंही खरं आहे, मजकूर छानच आहे. पण तो वाचायला छान आहे आणि तुम्हाला तो बोलायचा आहे.

आधी लांबी पाहू. तुम्ही पाठवलेलं भाषण ३१० शब्दांचं आहे. व्यासपीठावरून, माइकवर, समोरच्याला नीट कळेल असं मराठी बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. आपले शब्द लांब असतात. ‘माझ्याबरोबरच्यांसाठी’ हा एक शब्द बोलायलाच दोन शब्दांचा वेळ घेतो. म्हणजे तुमचं भाषण तीन मिनिटांचं आहे. दुसऱ्या मिनिटाला सूत्रसंचालक शेजारी येऊन उभे राहतात, मग शेवटचा भाग घाईत उरकला जातो, आणि तुमच्या मजकुरात नेमका त्याच भागात बरोबरच्या बायकांचा उल्लेख आहे. दोन मिनिटांतून माइकपर्यंत चालणं, टाळ्या आणि मधले थांबे वजा केले की हातात शंभरेक सेकंद उरतात. लिहायचे शब्द १७०, फार तर १८०.

सगळ्यात मोठी कात्री पहिल्या परिच्छेदाला लागेल. तिथे ९० शब्द नुसती नावं आणि पदं आहेत. ती सगळी सूत्रसंचालकांनी दहा मिनिटांपूर्वी घेतलेली असतात. नऊ नावं घेतली आणि दहावं राहिलं तर ते राहिलेलंच लक्षात ठेवलं जातं, त्यामुळे ‘व्यासपीठावरचे मान्यवर’ एवढंच म्हणणं सुरक्षितही आहे. संस्थेचे आभार शेवटी, एका वाक्यात.

दुसरं एक वाक्य मात्र लांबीसाठी नाही, वेगळ्या कारणासाठी काढा: ‘आमचं मेतकूट खाऊन कित्येकांची शुगर आटोक्यात आली.’ सभागृहात हे कौतुक वाटेल. तेच वाक्य तुमच्या व्यवसायाच्या खात्यावर रील म्हणून गेलं की ती जाहिरात होते. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो किंवा टळतो असा दावा करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत मनाई आहे. मधुमेहाचं नाव तर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या यादीतही आहे. रीलमधून तेवढं कापून टाकू, असंही म्हणू नका. सभागृहात आणखी वीस मोबाइल चालू असतात. ते वाक्य बोलूच नका.

आता भाच्याच्या तक्रारीकडे. तुकडा का निघत नाही? तुमची वाक्यं एकमेकींचा हात धरून उभी आहेत. ‘त्यामुळे मी ठरवलं’, ‘ते बघून सासूबाई म्हणाल्या’, ‘मग यातूनच पुढे हे वाढलं’. सलग ऐकताना हे अगदी स्वाभाविक आहे. पण ‘त्यामुळे’पासून कापलं तर कशामुळे ते कळत नाही, आणि आधीचं वाक्य घ्यायला जावं तर तेही ‘मग’ने सुरू होतं. असं करत करत तुकडा पुन्हा तीन मिनिटांचा होतो. यावर उपाय एकच, भाषणाचे तीन ठोकळे पाडायचे. ठोकळ्याच्या आत ‘म्हणून’, ‘मग’ खुशाल येऊ द्या. ठोकळ्याचं पहिलं वाक्य मात्र वस्तूच्या किंवा माणसाच्या नावाने सुरू व्हायला हवं, सर्वनामाने नाही. ‘हे’ नको, ‘चकलीची भाजणी’ हवं. ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही त्याला तो ठोकळा एकटा ऐकवला तरी कळला पाहिजे.

दुसरी अडचण मराठीच्या ठेवणीतच आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘आम्ही बाहेरचं तयार पीठ कधी मिसळलं नाही.’ या वाक्यात ‘मिसळलं’पर्यंत आलात, श्रोत्यांना रोख कळला आणि टाळ्या सुरू झाल्या, की ‘नाही’ टाळ्यांखाली जातं. सभागृहातल्या माणसाला अर्थ कळतो, कारण त्याला तुमची मान हलताना दिसते. रीलमध्ये मात्र तुम्ही बाहेरचं पीठ मिसळल्याचं सांगताय असं ऐकू येतं. तुमच्या मजकुरात अशी पाच वाक्यं आहेत. त्यातली जमतील तेवढी होकारात फिरवा: ‘भाजणीतला प्रत्येक दाणा आमच्याच कढईत भाजलेला असतो.’ अर्थ तोच, आणि शेवटचा शब्द गेला तरी उलटा होत नाही. जिथे नकारच हवा तिथे ‘नाही’वर आवाज उतरवू नका, आणि तो शब्द पूर्ण होईपर्यंत नजर कागदाकडे वळवू नका. मान खाली गेली की तोंड माइकपासून सरकतं आणि आवाज तिथेच पडतो.

तुमचाच मजकूर घेऊन, या दोन गोष्टी सांभाळून केलेलं भाषण असं होईल:

‘नमस्कार. व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेल्या सगळ्यांना.

(थांबा)

चकलीची भाजणी बिघडते ती बहुतेक वेळा कढईत. पोहे दोन मिनिटांत होतात, हरभऱ्याच्या डाळीला मंद आचेवर दहा-बारा मिनिटं लागतात. दोन्ही एकदम टाकले तर पोहे करपतात आणि डाळ आतून कच्ची राहते. त्या पिठाची चकली दिसायला बरी असते, पण तिला कच्चट वास येतो. म्हणून प्रत्येक धान्य वेगळं भाजा, पूर्ण गार करा आणि मगच गिरणीत न्या. आमच्या भाजणीचं गुपित एवढंच आहे.

(थांबा)

चकलीची भाजणी मी पहिल्या दिवाळीत ११ किलो विकली. गेल्या दिवाळीत ४२० किलो. या सहा वर्षांत कढया वाढल्या, पण सगळ्या लहानच ठेवल्या. मोठ्या कढईत धान्य एकसारखं हलवता येत नाही. वरचं पांढरं राहतं आणि तळचं लाल होतं. धंदा मोठा केला, घाणा मात्र दोन किलोंचाच ठेवला.

(थांबा)

भाजणीचा हा पुरस्कार आम्हा चौघींचा आहे. धान्य निवडणाऱ्या दोघी, गिरणीवर उभी राहणारी एक, आणि कढईपाशी मी. आज तिघी समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बायांनो, उभ्या राहा. (थांबा) दिवाळीच्या आधीचे वीस दिवस या स्वतःच्या घरचा फराळ मागे ठेवून माझ्याकडे येतात. संघटनेचे आणि माझ्या घरच्यांचे मनापासून आभार. धन्यवाद.’

कढईची मापं आणि मिनिटं तुमच्या प्रत्यक्ष घाण्याप्रमाणे बदलून घ्या. आम्ही सर्वसाधारण आकडे घातले आहेत आणि व्यासपीठासमोर भाजणी करणाऱ्या बायका बसलेल्या असणार. एक आकडा चुकला तर त्या लगेच ओळखतील. तिघी उभ्या राहणार असतील तर त्यांना आधी विचारा, आणि त्यांचे चेहरे रीलमध्ये जाणार हेही सांगा. कोणी नको म्हणाली तर उभं राहण्याचं वाक्य काढा, बाकी ठोकळा तसाच चालेल.

क्रमात आम्ही मुद्दाम एक बदल केला आहे. तुमच्या मजकुरात प्रवास आधी होता आणि भाजणीची गोष्ट ओझरती. अनोळखी माणूस रील पाहताना थांबतो तो त्याच्या उपयोगाचं काही असेल तर. ‘मला पुरस्कार मिळाला’ याचा त्याला उपयोग नाही, ‘तुमची भाजणी का बिघडते’ याचा आहे. शिवाय श्रोते पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत शांत असतात, त्यामुळे तो ठोकळा स्वच्छ आवाजात मिळतो.

थांबा म्हणजे नुसता श्वास नव्हे. तोंड मिटून, समोर बघत, मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं. दोन सेकंद. व्यासपीठावर ते दहा सेकंदांसारखे वाटतात म्हणून बहुतेक जण अर्ध्यातच पुढचं वाक्य सुरू करतात आणि कापणाऱ्याला कात्री घालायला जागा राहत नाही. टाळ्या आल्या तर त्या ओसरू द्या, मग दोन सेकंद मोजा. घरी सराव करताना उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर रेकॉर्ड करत बोला आणि ते परत ऐका. प्रत्येक ठोकळ्याचं शेवटचं क्रियापद ऐकू येतंय का, एवढंच तपासा. सगळं पाठ करायची गरज नाही. प्रत्येक ठोकळ्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. मधलं इकडचं तिकडे झालं तरी बिघडत नाही. कागद न्यायचा असेल तर पत्त्याच्या आकाराचे तीन जाड कार्ड न्या. मोठा कागद थरथरला की माइकमध्ये खडखडतो.

आता भाच्यासाठी, आणि आधी आवाज. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज घुमला की पुढे सरकतात. दहा रांगा मागे बसलेल्या मोबाइलला तुमचा आवाज मिळत नाही. त्याला सभागृहाच्या स्पीकरचा, पंख्यांचा आणि शेजारच्या काकांच्या खोकल्याचा आवाज मिळतो. म्हणून आवाज वेगळा घ्यायचा. कॉलरला लावायचा छोटा माइक आणि त्याला जोडलेला दुसरा मोबाइल असेल तर उत्तम. साडीवर तो पदराला लावू नका, पदर हलला की घासल्याचा आवाज येतो. ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला, हनुवटीपासून साधारण एक वीत खाली लावा. मंगळसूत्र त्यावर आपटतं, तेव्हा तेवढ्यापुरतं पदराखाली घ्या किंवा पिनेने बाजूला अडकवा. असा माइक नसेल तर दुसरा मोबाइल व्हॉइस रेकॉर्डर चालू करून पोडियमवर, माइकच्या बुडाशी ठेवा. खाली घडी घातलेला हातरुमाल हवा, नाहीतर बांगड्यांचा हात पोडियमला लागला की ढोल वाजल्यासारखं येतं. संयोजकांना ते आधी सांगून ठेवा.

दोन्ही मोबाइल विमान मोडवर टाका. नेमक्या त्याच दोन मिनिटांत अभिनंदनाचा फोन येतो आणि काही मोबाइलांत रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. आवाजाचा मोबाइल तुमचं नाव पुकारण्याच्या पाच मिनिटं आधीच सुरू करा. नंतर चित्र आणि आवाज जुळवायला ‘नमस्कार’मधला ‘का’ उपयोगी पडतो: दोन्ही रेकॉर्डिंगच्या आवाजाच्या आलेखात तिथे ठळक उंचवटा दिसतो, तो एकाखाली एक आणला की ओठ आणि शब्द जुळतात. जुळले की चित्राच्या मोबाइलचा आवाज अगदी मंद ठेवा, पूर्ण बंद नको. टाळ्या त्यातूनच चांगल्या येतात.

चित्राला तीनच गोष्टी सांभाळायच्या. भाच्याला दुसऱ्या-तिसऱ्या रांगेशी, किंचित बाजूला बसवा. अगदी समोरून माइक तोंडावर येतो, आणि मागून झूम केलं की चेहरा पाणी मारल्यासारखा दिसतो. मोबाइल उभा धरून डोक्यापासून कमरेपर्यंतची चौकट घ्या. तुमच्या मागे एलईडी पडदा असेल तर मोबाइल त्याच्या उजेडाला भुलतो आणि चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की प्रकाश आणि फोकस तिथे कुलूपबंद होतो. तिसरी गोष्ट पट्ट्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण ३० फ्रेमला चालणाऱ्या मोबाइलमध्ये चित्रावरून करड्या पट्ट्या सरकताना दिसू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये २५ फ्रेम मिळत असेल तर ते निवडा. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. कार्यक्रम सुरू होण्याआधी अर्धा मिनिट शूट करून बघितलं तर हे जागेवरच कळतं. आणि बोलण्याआधी स्मृतिचिन्ह पोडियमवर ठेवा. ते छातीशी धरून बोलणं म्हणजे एक हात अडकला आणि अर्धी चौकट काचेने भरली.

कापताना तीन ठोकळ्यांचे तीन रील निघतील: भाजणीचा साधारण अर्ध्या मिनिटाचा, कढयांचा वीस-पंचवीस सेकंदांचा आणि चौघींचा तिसांच्या पुढचा. सुरुवात पहिल्या शब्दाच्या जेमतेम आधी हवी. तुम्ही व्यासपीठावर चढताना लावलेलं चित्रपटातलं गाणं तुकड्यात येऊ देऊ नका, हक्काच्या कारणाने आवाज बंद केला जाऊ शकतो. शेवट क्रियापदानंतर, टाळ्यांचा एक सेकंद ठेवून. वाक्याच्या मधला शब्द काढून दोन टोकं जोडायचा मोह होईल. चेहरा उडी मारतो ते एक, आणि ‘पण’, ‘मात्र’, ‘नाही’ हे शब्द काढले की तुम्ही न बोललेलं वाक्य तयार होतं.

बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून खाली मजकूर हवाच. आपोआप येणाऱ्या मजकुरावर विसंबू नका. ‘भाजणी’चं ‘भजनी’ आणि ‘घाण्या’चं ‘घाण’ झालेलं प्रसिद्ध करण्याआधी दिसायला हवं. काही ॲपच्या फाँटमध्ये जोडाक्षरं तुटतात, तेव्हा ‘प्रत्येक’ आणि ‘स्वतःच्या’ हे शब्द आधी टाइप करून बघा. ओळी पडद्याच्या तळाशी नकोत, तिथे खात्याचं नाव आणि वर्णन येतं, उजव्या कडेला बटणं असतात. छातीच्या उंचीवर, एका वेळी चार-पाच शब्द पुरेत.

पुरस्काराचं पूर्ण नाव, देणाऱ्या संस्थेचं नाव आणि वर्ष हे रीलच्या वर्णनात जसंच्या तसं लिहा. ‘पुण्यातील सर्वोत्तम भाजणी’ असं त्याचं भाषांतर करू नका, संघटनेने तसं म्हटलेलं नाही. भाजणीचा रील समारंभानंतर लगेच टाकायची घाई नको. चौघींचा दुसऱ्या दिवशी टाका, तेव्हा अभिनंदन करणारी ओळखीची माणसंच बघत असतात. भाजणीचा मात्र राखून ठेवा आणि नवरात्र सुरू झाल्यावर टाका, म्हणजे ज्यांच्या घरी कढई चढायची आहे त्यांच्यापर्यंत तो वेळेत पोहोचेल आणि ज्यांना विकतच घ्यायची आहे त्यांची मागणी नोंदवायला तुमच्या हातात दोन-तीन आठवडे राहतील.